नागपूरची भेट आणि १० मेचा रविवार

*मी बेंगळुरूला असते. नागपूरला माझ्या मावशी-काकांच्या लग्नाला येत्या १० मेला, रविवारी, पन्नास वर्षं होतायत. त्यांच्या लग्नातल्या फोटोची फ्रेम, मावशीला साडी आणि त्या दिवशी सकाळी फुलं असं ऑनलाइन पाठवायचं ठरवलंय. गेल्या भाऊबिजेला भावाला पाठवलेलं पार्सल चार दिवस उशिरा, दबलेल्या खोक्यात गेलं आणि कार्डाऐवजी आत बिल निघालं. या वेळी वेळेवर, नीट आणि चिठ्ठीसकट पोचावं म्हणून ऑर्डर देताना नक्की काय बघू?*

पुण्यात एका ऑनलाइन गिफ्ट स्टोअरच्या डिस्पॅचला मी नऊ वर्षं काढली आहेत. पार्सल भरणं, लेबल चिकटवणं, कुरिअरवाल्याशी भांडणं आणि संध्याकाळी ग्राहकांचे फोन घेणं, सगळं केलंय. त्यामुळे तुमचं भाऊबिजेचं पार्सल कुठे कुठे बिघडलं असेल, याचा अंदाज आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. फ्रेम, साडी आणि फुलं एकाच दुकानात, एकाच ऑर्डरमध्ये मिळत असली तरी तसं करू नका. फ्रेम आधी बनते आणि मग निघते. साडी कुठल्या तरी गोदामात तयार पडलेली असते. फुलं तर तुमच्याकडून प्रवासच करत नाहीत, ती नागपुरातच एखाद्या दुकानात बांधली जातात. एकत्र ऑर्डर दिली की एक तर तयार असलेली साडी न बनलेल्या फ्रेमसाठी थांबून राहते, नाहीतर तीन खोकी तीन दिवशी येतात आणि चिठ्ठी भलत्याच खोक्यात जाते.

आता तारखेचं. साइटवर दिसणारी तारीख वाचायच्या आधी वर पिनकोड कोणता आहे ते बघा. तुमच्या खात्यात बेंगळुरूचा ५६० ने सुरू होणारा पिन साठवलेला असणार आणि ‘परवा मिळेल’ असं दिसतंय ते बेंगळुरूसाठी. मावशींचा ४४० चा पिन घातला की तीच वस्तू सहा दिवसांवर जाते, कधी कधी ‘या ठिकाणी उपलब्ध नाही’ असंही येतं. हे पैसे भरताना कळण्यापेक्षा वस्तू निवडतानाच कळलेलं बरं.

पिन घातल्यावर विक्रेत्याचं नाव आणि माल कुठून निघणार हे बघा. मोठ्या बाजारपेठ-साइटवर एकच साडी चार विक्रेते विकत असतात. एकाचा माल साइटच्याच गोदामात ठेवलेला असतो, दुसरा सुरतेच्या आपल्या दुकानातून कुरिअर करतो. पहिल्याची तारीख बऱ्यापैकी पाळली जाते, कारण माल, पॅकिंग आणि गाडी एकाच हातात असते. दुसऱ्याच्या तारखेत त्याने पार्सल कधी भरलं आणि कुरिअरवाला कधी आला हे दोन अंदाज मिसळलेले असतात. किंमत पन्नास-शंभर रुपयांनी जास्त असली तरी भेटीसाठी मी नेहमी पहिला घेतो.

लोकांना वाटतं, वेळ रस्त्यावर जातो. तसं नसतं. मुंबईच्या बाजूची बरीच मोठी गोदामं भिवंडीच्या आसपास आहेत आणि २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्ग भिवंडीजवळच्या आमणेपासून थेट नागपूरपर्यंत खुला झाला आहे. ७०१ किलोमीटर ट्रक एका रात्रीत आणि थोड्या सकाळीत तोडतो. तरीही पार्सलला चार-पाच दिवस लागतात, कारण ते हबवर पडून राहतं. संध्याकाळची उचल हुकली की एक दिवस गेला. मोठ्या हबवर वर्गवारीत एक दिवस. नागपूरच्या हबवर सकाळची गाडी सुटल्यावर पोचलं तर आणखी एक. म्हणून ‘५ ते ८ मे’ अशी तारीख दिसली की तुमच्या हिशेबात ८ मे हीच तारीख धरा. ५ तारीख ही सगळं सुरळीत झालं तरची.

तुमच्या बाबतीत कॅलेंडरच अवघड आहे. १० मे रविवार आहे, आणि काही कुरिअर कंपन्या रविवारी काही भागांत वाटपच करत नाहीत. शिवाय तो मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे. त्या आठवड्यात गिफ्टवाल्यांकडे आणि फुलवाल्यांकडे लग्नसराई अधिक मदर्स डे अशी दुहेरी गर्दी असते. त्यातच १ मे, शुक्रवार, महाराष्ट्र दिनाची सुट्टी. तिला जोडून शनिवार-रविवार आला की लहान विक्रेते तीन दिवस शटर ओढून मोकळे होतात.

म्हणून उलटं मोजा. फ्रेम गुरुवारी, ७ मेला नागपुरात हवी, म्हणजे काही बिघडलं तर हातात दोन दिवस राहतात. प्रवासाचे पाच दिवस धरा आणि मधली सुट्टी मोजू नका. म्हणजे फ्रेम २९ किंवा ३० एप्रिलला दुकानातून निघाली पाहिजे. फोटो छापून फ्रेम बनवायला दुकानं साधारण दोन ते चार कामाचे दिवस घेतात, आणि हे दिवस ऑर्डर दिल्यापासून नव्हे, तुम्ही प्रूफ मंजूर केल्यापासून मोजतात. प्रूफ म्हणजे छापण्याआधी ते तुम्हाला पाठवतात तो नमुना. तो मेलच्या जाहिरातींच्या कप्प्यात पडून राहतो, तुम्ही वाट बघता, तेही वाट बघतात. एकूण फ्रेमची ऑर्डर २२ एप्रिलच्या आसपास जायला हवी आणि त्यानंतर दोन दिवस मेल डोळ्यांत तेल घालून बघायला हवा. साडीला बनवण्याचे दिवस नाहीत, ती २७-२८ एप्रिलला दिली तरी चालेल.

पन्नास वर्षांपूर्वीचा फोटो बहुतेक अल्बममधल्या फोटोचा मोबाइलने काढलेला फोटो असेल. तो व्हॉट्सॲपवरून साधा पाठवून घेऊ नका, बारीक होऊन येतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने मागवा. अल्बमवरचा पातळ प्लास्टिकचा पडदा बाजूला करून, खिडकीजवळ, फ्लॅश न लावता काढायला सांगा. प्रूफमध्ये धूसर दिसलं तर छापल्यावर जास्तच दिसतं. आपल्या फोटोची वस्तू बहुतेक दुकानं परतही घेत नाहीत, फुटली तरच बदलून देतात.

खोकं का दबतं, ते समजून घेतलं तर काय विचारायचं ते आपोआप कळेल. कुरिअर फक्त काट्यावरच्या वजनाचे पैसे घेत नाही. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं, आणि ते किलो काट्यापेक्षा जास्त भरले तर त्यांचे पैसे घ्यायचे, हा बहुतेकांचा हिशेब. सव्वा किलोची फ्रेम ४५ बाय ३५ बाय १० च्या खोक्यात चारी बाजूंनी गादी घालून भरली तर हिशेबाला ३ किलोच्या वर जाते. तीच ४० बाय ३० बाय ४ मध्ये कोंबली तर १ किलोच्याही आत येते आणि पैसे काट्यावरच्या सव्वा किलोचेच पडतात. विक्रेत्याचे निम्म्याहून जास्त पैसे वाचतात आणि तुमची काच फुटते. गादी कापण्याचं खरं कारण हे आहे, निष्काळजीपणा त्यानंतरचा.

तेव्हा फ्रेम घेताना काचेऐवजी ॲक्रिलिकची घ्या. दिसायला फरक थोडा, पण फुटत नाही. खाली ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा, आणि तेही गेल्या दोन महिन्यांतले. तारांकनाचा आकडा बघू नका, तो वर्षानुवर्षांचा असतो आणि मधल्या काळात विक्रेत्याने खोकं बदललेलं असतं. अभिप्रायांत ‘broken’, ‘damage’, ‘box’ हे शब्द शोधा. दहातल्या दोघांनी कोपरा दबल्याचं लिहिलं असेल तर दुसरीकडे जा. दुकानाला एकच प्रश्न लिहून विचारा: गिफ्ट पेपरच्या बाहेर दुसरं खोकं असतं का? काही ठिकाणी चकचकीत कागदावरच लेबल चिकटवून पाठवतात. नागपूरला पोचेपर्यंत त्या कागदाची दशा बघवत नाही. आणि मोठ्या साइटवर ‘गिफ्ट रॅप’चे पैसे भरले तरी पुष्कळदा ती कागदात गुंडाळलेली वस्तू नसते, एक कापडी किंवा चमकदार पिशवी असते. तशी चालणार असेल तरच घ्या.

मे महिन्यातलं नागपूर ४५ अंशांला टेकतं. पत्र्याच्या गाडीत त्याहून जास्त. सोबत चॉकलेट किंवा सुगंधी मेणबत्ती टाकायचा मोह झाला तर आवरा. चॉकलेट ३०-३५ अंशांतच मऊ होतं. आम्ही एकदा एप्रिलच्या शेवटी विदर्भात पाठवलेल्या चॉकलेटच्या हॅम्परचा फोटो ग्राहकाने परत पाठवला होता, त्यात खोबरं, बदाम आणि शुभेच्छापत्र सगळं एका ढेकळात होतं. दुधाची मिठाईही नको. गोड पाठवायचंच असेल तर सुका मेवा पाठवा. (नागपूरकरांना बाहेरून संत्रा बर्फी पाठवणारेही मी पाहिलेत. त्याबद्दल न बोललेलं बरं.)

आता चिठ्ठी, म्हणजे तुमचं खरं दुःख.

कार्ड आत गेलं नाही याची दोन कारणं असतात. पहिलं, त्या विक्रेत्याकडे कार्डाची सोयच नव्हती. मोठ्या साइटवर ‘ही भेट आहे’ ही खूण प्रत्येक वस्तूसमोर येत नाही, विक्रेत्याने ती सोय ठेवली असेल तरच येते. ती खूण दिसत नसेल तर कार्ड जाणार नाही, मग तुम्ही कुठेही काहीही लिहा. दुसरं कारण म्हणजे मजकूर चुकीच्या चौकटीत लिहिला गेला. ‘डिलिव्हरी इन्स्ट्रक्शन’ किंवा पत्त्याखालची सूचनांची चौकट फक्त वाटप करणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर दिसते, पॅक करणाऱ्याला नाही. उलटही होतं. आमच्याकडे एका आजोबांच्या पंचाहत्तरीच्या केकवर कार्ड लागलं होतं: ‘बाराच्या आत द्या, बेल वाजवू नका, कुत्रा आहे.’ ग्राहकाने मजकुराच्या चौकटीत सूचना लिहिल्या होत्या आणि आमच्या मुलाने त्या सुंदर अक्षरात उतरवल्या.

मराठीत लिहिणार असाल तर आणखी एक खाच आहे. बऱ्याच गोदामांत मजकूर लेबलाच्याच प्रिंटरवर पट्टीसारखा छापला जातो आणि त्या यंत्रात देवनागरी अक्षरं नसतात. तुम्हाला पडद्यावर ‘पन्नास वर्षांच्या सहवासाला नमस्कार’ दिसतं, मावशींना चौकोनांची रांग दिसते. काही साइट देवनागरी स्वीकारतच नाहीत, ते त्यातल्या त्यात बरं, आधी कळतं. फुलांची आणि फ्रेमची दुकानं मात्र कार्ड हाताने लिहितात किंवा साध्या प्रिंटरवर काढतात, तिथे मराठी चालतं. मेलवर विचारून घ्या आणि शक्य असेल तर मजकुराची प्रतिमा करून पाठवा. प्रतिमेत जोडाक्षरं मोडत नाहीत.

मजकूर आखूड ठेवा. ठरलेल्या अक्षरांपुढचं यंत्र गुपचूप कापून टाकतं आणि बहुधा नाव शेवटी असल्याने कापलं जातं ते तुमचंच नाव. म्हणून नाव आधी घाला. ओळी तोडून लिहिलेली कविता एका सलग ओळीत येते, इमोजी गायब होतात. ‘ती.’, ‘सा. न.’ असे संक्षेप टाळा. आमच्याकडच्या परप्रांतीय मुलाने एकदा ‘ती. मावशी’चं ‘तीन मावशी’ केलं होतं. तुमच्यासाठी मी असं लिहीन: ‘बेंगळुरूहून मीनलकडून. मावशी आणि काका, तुमच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाला साष्टांग नमस्कार. हा फोटो तुमच्या दिवाणखान्यात लागलेला बघायला दिवाळीत येते.’ मीनलच्या जागी तुमचं नाव घाला, आणि घरात त्या नावाच्या दोघी असतील तर आईचंही.

हे सगळं करूनही साडीच्या गोदामातल्या कार्डावर माझा भरवसा नाही. मी काय करतो सांगू? साडी आणि फ्रेमसाठी एक कार्ड स्वतःच्या हाताने लिहितो आणि २ मेच्या सुमारास स्पीड पोस्टाने वेगळं पाठवतो. पन्नास वर्षांच्या संसाराला छापील पट्टीपेक्षा तुमचं अक्षर शोभेल. फुलांसोबतचं छापील कार्ड मग जादाचं.

बिलाचं म्हणाल तर, भेटीची खूण केली की काही साइट किंमत नसलेली पावती घालतात आणि खरं बिल तुमच्या मेलवर पाठवतात. दुकानाला तसं विचारा. मात्र पॅकबंद मालावर छापलेली एमआरपी राहणारच, ती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. साडीच्या टॅगवरही ती असेल, आणि टॅग काढला तर साडी परत जात नाही.

इथेच नागपुरातला एक माणूस लागतो. मावसभाऊ असेल, शेजारच्या काकू असतील, त्यांना आधी फोन करा आणि साडी-फ्रेम मावशींच्या नव्हे, त्यांच्या पत्त्यावर मागवा. यामागे अनुभव आहे. भेट आधी पाठवली की ती १० मेपर्यंत न उघडता ठेवली जाते, पण परतीची मुदत पोचल्याच्या दिवसापासून धावते, आणि फुटल्याची तक्रार बरीच दुकानं २४ ते ४८ तासांतच घेतात. मावसभावाने त्याच संध्याकाळी बाहेरचं खोकं कापतानाचा व्हिडिओ काढावा, लेबल दिसेल असा. फ्रेमचे कोपरे, साडीची घडी आणि रंग बघावा. ठीक असेल तर साडीचा टॅग काढावा, बिल असेल तर बाजूला ठेवावं, तुमचं पोस्टाने आलेलं कार्ड वर ठेवावं आणि गिफ्ट पेपर नीट करावा. गडबड असेल तर खोकं फेकू नये, मूळ खोक्याशिवाय परतीची उचल होत नाही. तक्रार मात्र तुम्हालाच करावी लागेल, कारण ऑर्डर तुमच्या खात्यावर आहे.

पत्त्यात प्लॉट नंबर, ले-आउटचं पूर्ण नाव आणि जवळची एक ठळक खूण द्या. नागपुरात सारख्या नावाचे ले-आउट दोन टोकांना असतात. मोबाइल मावसभावाचाच द्या. तुमचा दिलात तर वाटप करणारा तुम्हाला बेंगळुरूला ‘गेट कुठलं?’ विचारेल. काकांचा दिलात तर ते अनोळखी नंबर उचलणार नाहीत आणि शेरा पडेल ‘ग्राहक उपलब्ध नाही’. असे दोन-तीन प्रयत्न झाले की पार्सल परत फिरतं, त्याला आमच्याकडे आरटीओ म्हणतात, आणि एकदा ते फिरलं की मधे कुणालाही थांबवता येत नाही. पैसे आधीच भरलेत हेही मावसभावाला सांगून ठेवा. दारात कुणी रक्कम मागितली, किंवा ओटीपी पार्सल हातात न देता नुसता फोनवर विचारला, तर देऊ नये.

ट्रॅकिंगमध्ये ‘शिप्ड’ या शब्दावर जाऊ नका. लेबल छापलं की विक्रेत्याकडून तो शेरा पडतो, पार्सल अजून त्याच्या टेबलावरच असतं. खरी खूण म्हणजे कुरिअरच्या स्वतःच्या पानावरचा पहिला स्कॅन, ‘पिक्ड अप’ किंवा हबचं नाव. लेबलनंतर दोन कामाचे दिवस तो आला नाही तर विक्रेत्याकडे माल नाही किंवा तो विसरलाय. ती साडी रद्द करा आणि दुसरी घ्या, वाट बघू नका. ६ मेच्या रात्रीपर्यंत नागपूरचं नाव स्कॅनमध्ये दिसलं नाही, तर मावसभावाला सीताबर्डीच्या बाजारातून साडी घ्यायला सांगून पैसे पाठवा. ऑनलाइनची नंतर पोचली तर घेऊ नये, परत जाऊ द्यावी.

कुणी दादच देत नसेल तर साइटवर तक्रार अधिकाऱ्याचं नाव शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पैसे परत मिळवायला याचा उपयोग होतो, १० मे गाठायला नाही.

फुलांना मी शेवटी आलो, कारण तिथे करण्यासारखं कमी आहे. देशभर फुलं पोचवणारी साइट तुमची ऑर्डर नागपुरातल्या एखाद्या फुलवाल्याला देते. साधी वाटपाची वेळ म्हणजे सकाळी नऊ ते रात्री नऊ. मदर्स डेला ती हमखास रात्रीकडे सरकते. दोन तासांची ठरलेली वेळ घ्या, सकाळची, उन्हाच्या आत. जादा पैसे द्यावे लागतील. मध्यरात्रीची घेऊ नका, सत्तरीतल्या माणसांना रात्री पावणेबाराला बेल ऐकून आधी धडकी भरते. फोटोतलीच फुलं येतील असं नसतं, खाली बारीक अक्षरांत ‘उपलब्धतेनुसार बदल’ लिहिलेलं असतं. ऑर्किड उन्हात गुलाबापेक्षा जास्त टिकतो.

खरं सांगू, इतकी गर्दी असलेल्या दिवशी मी साइटवरून फुलं देणारच नाही. बर्डीला नेताजी मार्केटात फुलवाल्यांची रांग आहे. मावसभावाला शनिवारी संध्याकाळी तिथे जाऊन रविवारी सकाळसाठी दोन हार आणि मावशींना मोगऱ्याचा गजरा सांगून ठेवायला सांगा. पैसे यूपीआयने तुम्ही द्या. हार घालताना व्हिडिओ कॉल लावायचा, हेही त्याला तेव्हाच सांगून ठेवा.